भाऊजींची उधारी आणि जामिनाची सही

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी धाकटे दीर दुधाचा धंदा करतात. गोठा बांधायला आणि गाई घ्यायला त्यांनी माझ्याकडे पैसे मागितले. १४ ऑगस्ट २०२३ ला मी मुदतठेव मोडून अडीच लाख त्यांच्या खात्यावर पाठवले. ४ सप्टेंबरला आमच्या शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढून आणखी दीड लाख दिले, त्यातले पन्नास हजार रोख. त्या कर्जाचे ४,८४० रुपये दर महिन्याला माझ्या पगारातून कापले जातात. मे २०२४ मध्ये भाऊजींनी फोनवरून वीस हजार पाठवले, त्यानंतर काही नाही. विचारलं की म्हणतात, ‘वहिनी, मी कुठं पळून जातोय का?’ आता ते गावातल्या पतसंस्थेतून सहा लाख काढणार आहेत आणि त्याला मी जामीन राहावं म्हणतात. ‘त्यातूनच तुमचे फेडतो.’ सासूबाई म्हणतात, जमीन एकत्रच आहे, वाटणीत बघू. हे गप्प बसतात. जुलैत मुलीची कॉलेजची फी आहे. माझ्याकडे कागद एकही नाही. काय करू?

उत्तर :

ताई, पैशाचं नंतर बघू, आधी ती सही. करू नका.

मी सत्तावीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली निम्मी वसुली विभागात. आत बसलेल्याला जे दिसतं ते सांगतो. कर्ज थकलं की वसुली अधिकारी फाइल उघडून पहिल्यांदा कर्जदाराचं नाव पाहत नाही, तो जामीनदारांची पानं पाहतो. त्यात कुणी शिक्षक, तलाठी, एसटीतला वाहक असला की त्याचा जीव भांड्यात पडतो. कर्जदार घरी सापडेलच असं नाही, त्याच्या गाई एका रात्रीत मेव्हण्याच्या गोठ्यात जाऊ शकतात. शिक्षिकेचा पगार मात्र दर महिन्याला ठरलेल्या खात्यातच येतो.

कायदाही वसुलीवाल्याच्याच बाजूने आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, उरलं तर माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली पतसंस्थेला वसुली दाखला मिळतो आणि तो कर्जदार व जामीनदार दोघांवरही चालतो. शिवाय जामिनाच्या कागदांच्या चळतीत नाममात्र सभासदत्वाचा अर्ज असतो आणि त्याला जोडून पगारातून कपात करण्याचं संमतीपत्र असतं. ‘फक्त इथे, इथे आणि इथे’ म्हणत बोट फिरतं तेव्हा तिसरी सही बहुधा याच कागदावर होते. त्याच्या जोरावर संस्था पुढे थेट तुमच्या कार्यालयाला कपातीचं पत्र पाठवू शकते.

आता भाऊजींचा हिशेब त्यांच्याच शब्दांत मांडून बघा. सहा लाख काढायचे, त्यातून तुमचे फेडायचे, उरलेल्यात गाई घ्यायच्या. आज तुमचे ३,८०,००० येणे आहे. ते खरंच फेडले, तर सहा लाखांच्या कर्जावर त्यांच्या हाती दोन लाख वीस हजारच उरतात आणि हप्ता मात्र पूर्ण सहा लाखांचा. आत्ता तीन लाख ऐंशी हजारांचा बिनव्याजी हप्ता न झेपणाऱ्या धंद्याला तो कसा झेपेल? तो थकला की संस्था तुमच्याकडे येणार, म्हणजे तुमचे पैसे तुम्हीच फेडणार आणि वरचे दोन लाख वीस हजारही तुम्हीच. आता फसले तर तीन लाख ऐंशी हजार, सही केल्यावर फसले तर व्याजासह सहा लाख.

नकार द्यायला तुमच्याकडे एक खरं आणि कुणालाही न दुखवणारं कारण आहे : ‘माझ्या पगारावर आधीच पतसंस्थेची कपात चालू आहे, मला जामीन राहता येत नाही.’ एवढंच म्हणा. पुढे स्पष्टीकरण देत बसलात की त्यातल्या प्रत्येक वाक्याला घरात कुणाकडे तरी उत्तर असतं. (माझ्या पहिल्या नोकरीत मीही एका चुलतभावासाठी सही केली होती. संस्थेचं नाव सांगत नाही, पण अकरा महिने माझ्या पगारातून पैसे गेले आणि त्या काळात मी वसुली विभागातच होतो!)

आता तुमच्या चार लाखांकडे येऊ. तुम्ही लिहिलंत, कागद एकही नाही. तसं नाही. बँकेतून गेलेल्या साडेतीन लाखांचा पुरावा बँकेच्या उताऱ्यात आहे. ते वीस हजार त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात आले, हाही पुरावाच आहे. देणंच नसतं तर ते पाठवले कशाला? रोख पन्नास हजार तेवढे अवघड. त्या दिवशी खात्यातून रोख काढल्याची नोंद असेल तर निदान दुवा जुळतो. म्हणून या आठवड्यात शाखेत जा, जुलै २०२३ पासूनचा शिक्क्याचा उतारा घ्या, पतसंस्थेकडून कर्जखात्याचा उतारा घ्या आणि भाऊजींसोबतचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं निर्यात करून ठेवा. जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका. असं बोलणं कोर्टात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते करताना मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पुरावा आहे, पण तो कायम चालत नाही, आणि तुमच्या पत्रात नेमकं हेच मला खटकलं. हातउसन्या पैशाचा दावा लावायला मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षं मिळतात. ती, काही वेगळं ठरलं नसेल तर, पैसे दिले त्या दिवसापासून मोजतात. शेवटचं मागितलं त्या दिवसापासून नाही, ‘दिवाळीला देतो’ म्हणाले त्या दिवाळीपासूनही नाही. तुम्ही दोनदा पैसे दिलेत, म्हणून तुमची घड्याळंही दोन आहेत. अडीच लाखांचं १४ ऑगस्ट २०२६ ला थांबतं, दीड लाखांचं ४ सप्टेंबर २०२६ ला. त्यानंतर दावा लावलात तर समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला तो स्वतःहून फेटाळावा लागतो. नात्यातल्या उधारीत माणसं इथेच बुडतात. गोड बोलण्यात तीन वर्षं जातात आणि समोरच्याने ‘नाही’ म्हटलेलंच नसतं.

ही मुदत नव्याने सुरू करता येते. संपण्यापूर्वी भाऊजींनी सही करून लेखी कबूल केलं की मी इतकं देणं लागतो, की त्या सहीच्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मोजली जातात. मुदत कायद्याचं कलम १८ ते हेच. थोडी रक्कम परत आली तरी मुदत वाढू शकते, पण त्यालाही देणाऱ्याच्या अक्षरातला किंवा सहीचा कागद लागतो. फोनवरून आलेल्या वीस हजारांनी मे २०२४ पासून घड्याळ पुन्हा सुरू झालं, असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. वकील तसा युक्तिवाद करील, पण तो लढवायची वेळच येऊ नये. ‘हो वहिनी, देतो’ या व्हॉट्सॲपवरच्या निरोपाचंही तेच. तो असू द्या, कामाला येईल, पण सहीची जागा त्याला देऊ नका.

म्हणजे येत्या चार महिन्यांत तुम्हाला पैसे नव्हे, एक पान मिळवायचं आहे. त्यावर मजकूर एवढाच :

‘मी माझ्या वहिनी सौ. … यांच्याकडून दि. १४/०८/२०२३ रोजी बँकेमार्फत २,५०,००० रुपये आणि दि. ०४/०९/२०२३ रोजी १,५०,००० रुपये (पैकी १,००,००० बँकेमार्फत, ५०,००० रोख) हातउसने, बिनव्याजी घेतले. त्यापैकी २०,००० रुपये मे २०२४ मध्ये परत केले. ३,८०,००० रुपये देणे बाकी आहे, हे मला मान्य आहे. ही रक्कम दरमहा ८,००० रुपयांप्रमाणे वहिनींच्या बँक खात्यावर जमा करीन. लागोपाठ दोन हप्ते चुकल्यास उरलेली सर्व रक्कम एकदम देणे लागेन.’

खाली तारीख, सही, दोन साक्षीदार. साक्षीदारांपैकी एक घराबाहेरचा असू द्या. मुद्रांक किती रुपयांचा लागतो ते तालुक्याच्या नोटरीला विचारून त्यावरच करा, म्हणजे पुढे मुद्रांक कमी पडला म्हणून अडायला नको. रोख पन्नास हजारांचा उल्लेख गाळू नका. आज ज्या रकमेचा पुरावा सर्वांत कच्चा आहे, ती या एका ओळीने पक्की होते.

बिनव्याजी हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. तुमच्या पतसंस्थेच्या कर्जाचे छत्तीस हप्ते पुरे होतील तेव्हा तुम्ही १,७४,२४० रुपये भरलेले असतील, म्हणजे २४,२४० रुपये व्याज तुमच्या खिशातून जातं. तेही मागावंसं वाटणं अगदी रास्त आहे. तरी माझा सल्ला, ते सोडा. व्याज आलं की नात्यात ‘वहिनी सावकारी करते’ हा शब्द यायला वेळ लागत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं गुन्हा आहे. एका दिराला एकदा दिलेले पैसे हा काही धंदा होत नाही, पण तक्रारअर्ज कुणीही करू शकतो आणि सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला त्याचा खुलासा करत बसावं लागतं. चोवीस हजारांसाठी ते नको.

आठ हजारांचा आकडा कुठून आला? दूध संघाचं बिल बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी बँकेत जमा होतं, म्हणजे महिन्यात तीनदा. तुमच्या भागातही तसं असेल तर भाऊजींना प्रत्येक बिलातून साधारण २,७०० बाजूला काढायचे आहेत. दिवाळीला एकदम लाख देतो, या बोलीपेक्षा हे कितीतरी जास्त खरं. सत्तेचाळीस हप्ते पुरे आणि शेवटचा चार हजारांचा. चार वर्षं लागतील. त्यांना सहाच हजार जमतात म्हणाले तर सहा घ्या, रकमेवरून कागद अडू देऊ नका. मात्र हप्ता त्यांच्या खात्यातून ठरलेल्या तारखेला आपोआप जावा, अशी सूचना त्यांच्याच बँकेत त्यांच्या सहीने देऊन घ्या. दर महिन्याला आठवण करून देणारी वहिनी व्हायचं नसेल तर याला पर्याय नाही.

एखाद्या दिवशी ते पिशवीत रोख पन्नास हजार घेऊन आले, तर ते घेऊ नका. वीस हजार किंवा त्याहून मोठ्या उधारीची देवघेव रोखीने करायला आयकर कायद्याची मनाई आहे, परतफेडही त्यात येते आणि दंड फेडणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. रोख घेतानाही तेच, तिथे दंड घेणाऱ्याला. २०२३ मधल्या त्या पन्नास हजारांची जबाबदारी तशी भाऊजींवर येते, तुमच्यावर नाही. पण आता त्यांना सरळ सांगा, बँकेत भरा, तुमच्याच फायद्याचं आहे.

कागदासोबत पुढच्या तारखांचे धनादेश घ्यायचे का, हे अनेक जण विचारतात. घेता येतील, पण आधी विचार करा. धनादेश वटला नाही तर बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. हा फौजदारी खटला असतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे सासूबाई जिवंत असताना त्यांच्या एका मुलाला दुसऱ्याच्या बायकोने कोर्टात उभं केलं, असं होणार. ते करायची तुमची तयारी नसेल तर धनादेश घेऊच नका. न वापरायची काठी हातात धरली की समोरच्याला ते लगेच कळतं.

सासूबाईंच्या ‘वाटणीत बघू’ बद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण घरातलं म्हणून सगळे त्याला मान डोलावतात. सातबाऱ्यावर तुमच्या यजमानांचं नाव असेल, दिरांचं असेल, सासूबाईंचं असेल, नणंदा असतील तर त्यांचाही हक्क आहे. तुमचं नाव त्यावर नाही. पैसे तुमच्या पगारातले आणि तुमच्या ठेवीतले. उद्या वाटणीत दिरांनी चार गुंठे जास्त सोडले तर ते तुमच्या यजमानांना मिळतील, तुम्हाला नाही. उधारी तुमची आणि भरपाई त्यांची, असे दोन वेगळे हिशेब बोलण्याच्या ओघात एक होऊन जातात. शिवाय ‘वाटणीत बघू’ला तारीख नसते आणि तुमच्या दाव्याला आहे. जमिनीतूनच फिटवायचं सर्वांच्या मनात असेल तर तेही चांगलंच, पण मग किती रकमेपोटी किती क्षेत्र, कुणाच्या नावावर, हे सगळं नोंदणीकृत दस्तात आलं पाहिजे आणि जमीन तुमच्या नावे झाली पाहिजे. तोंडी ठरलं म्हणून कबुलीचा कागद मागायचा थांबू नका. वाटणी पाच वर्षांनी झाली तरी कागद त्या दिवशी दाखवता येतो.

तुमचे यजमान गप्प बसतात त्याचा मला राग येत नाही, भावाकडे पैसे मागणं कुणालाही जड जातं. पण एक काम त्यांना सांगा. कागदावर सही घ्यायच्या दिवशी त्यांनी शेजारी बसायचं. बोलायचं नाही, फक्त बसायचं.

आता भाऊजींनी सही द्यायला नकार दिला तर. ‘घरात कसले कागद’ हे पहिलं उत्तर येणारच, त्याला नकार समजू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विषय काढा. एप्रिल संपेपर्यंत कागद हातात आला नाही, तर तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे दावापूर्व अर्ज द्या. स्त्री म्हणून तुम्हाला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्याला उत्पन्नाची अट नाही. शिक्षिका आहात, पगार चांगला आहे, म्हणून तुम्हाला ती मिळत नाही असं कुणी म्हणालं तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ दाखवा. समिती भाऊजींना बोलावते, लोकअदालतीत तडजोड बसली तर त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकुमनाम्याइतकंच बळ असतं आणि त्यावर अपील होत नाही. माझ्या अनुभवात नात्यातली निम्मी प्रकरणं त्या टेबलावर सुटतात, कारण तिथे सही मागणारी वहिनी नसते, एक तिऱ्हाईत माणूस असतो.

पण समितीत अर्ज दिला म्हणजे मुदत थांबली, असं धरू नका. मेमध्ये कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, जूनचे पहिले दिवस गर्दीचे. जून उजाडेपर्यंत काही ठरलं नाही तर वकिलामार्फत स्पीड पोस्टने पोचपावतीसह नोटीस जाऊ द्या आणि दावा जुलैत दाखल होऊ द्या, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नाही. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार करा, असा सल्ला एखादा नातेवाईक देईलच. पैसे घेताना मुळातच बुडवायचा बेत होता, हे दाखवता आलं तर ती फसवणूक. गाई खरोखर घेतल्या आहेत, गोठा उभा आहे, वीस हजार परतही आले आहेत. पोलीस याला दिवाणी बाब म्हणतील आणि त्यांचं चुकणार नाही.

राहिली जुलैची फी. त्या हिशेबात भाऊजींचा एक रुपयाही धरू नका, कागद झाला तरी. फी कमी पडली तर सोनं गहाण ठेवण्याआधी मुलीच्या नावे शैक्षणिक कर्जाचा अर्ज करा. चार लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते. सहअर्जदार म्हणून तुमची सही लागेल. ही सही जरूर करा.

तुमच्या पतसंस्थेची कपात ऑगस्ट २०२६ च्या पगारात संपते. सप्टेंबरात पगाराची चिठ्ठी ४,८४० रुपयांनी जड दिसेल आणि ते घरात सगळ्यांना कळेल, कारण शिक्षकांचे पगार गावात कुणापासून लपत नाहीत. त्या महिन्याच्या आधीच बँकेत तेवढ्याच रकमेची आवर्ती ठेव उघडून ठेवा, म्हणजे पगार जमा झाला की पैसे परस्पर तिकडे जातील. भाऊजी पुन्हा आले तर ‘कपात चालूच आहे’ हे वाक्य तेव्हाही खरंच असेल.